जामीनदाराची सही भाड्यापुरती, की त्याच्या पुढेही?

«धाकट्या बहिणीचा मुलगा अंबडच्या कंपनीत नोकरीला लागला. गंगापूर रोडला टू बीएचके फ्लॅट भाड्याने घेताना मी त्याला जामीन राहिलो. करार ११ महिन्यांचा, १ मार्च २०२४ ते ३१ जानेवारी २०२५. भाडे महिना १६,०००, डिपॉझिट ५०,०००. पुढे त्याची नोकरी गेली, डिसेंबर-जानेवारीचे भाडे थकले आणि फ्लॅट त्याने ३१ मार्चला सोडला. आता मालकाच्या वकिलाची नोटीस मला आली आहे. थकलेले भाडे, मुदतीनंतरच्या दोन महिन्यांचे दुपटीने पैसे, विजेचे बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, ओटा आणि कपाटाची मोडतोड, नोटिशीचा खर्च, असे सगळे मिळून १,२८,२०० रुपये १५ दिवसांत भरा म्हणतात. मी तर फक्त भाड्याला जामीन होतो. भाच्याला सोडून माझ्याच मागे का? मी निवृत्त शिक्षक, पेन्शनवर जगतो. जप्ती येईल का, या विचाराने घरात झोप नाही. कागद सोबत जोडले आहेत.»

— निवृत्त शिक्षक, नाशिकरोड

गुरुजी, नमस्कार.

आधी झोपेचे बोलू. तुमच्या हातात आहे ती वकिलाची नोटीस, कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. जप्ती यायची तर मालकाला दिवाणी दावा लावावा लागेल, तो सिद्ध करावा लागेल, हुकूमनामा मिळवावा लागेल आणि मग त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागेल. प्रत्येक पायरीवर तुम्हाला बाजू मांडायला मिळेल. आणि शेवटपर्यंत गोष्ट गेली तरी निवृत्तिवेतन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्त करता येत नाही. घरात हे आज रात्रीच सांगा.

पण नोटीस तशीच ठेवून देऊ नका, कारण तुम्ही फक्त भाड्याला जामीन होतात हे तुमचे म्हणणे तुमच्याच सहीच्या कागदावर टिकत नाही. तुम्ही पाठवलेले हमीपत्र मी दोनदा वाचले. त्यातले कामाचे वाक्य असे आहे: «परवानाधारकाने परवाना फी वेळेवर न दिल्यास ती देण्याची, तसेच सदर करारातील सर्व अटी व शर्तींचे परवानाधारकाकडून पालन होईल याची हमी जामीनदार देत आहे.» पहिला तुकडा भाड्याचा आहे. «तसेच»पासून सुरू होणारा दुसरा तुकडा मात्र भाड्याच्या पुष्कळ पुढे जातो. सही करताना डोळा पहिल्या तुकड्यावर थांबतो आणि आपण भाड्याला जामीन राहिलो अशी खूणगाठ मनात बसते. तुमचेही तसेच झाले आहे.

कायदा इथे सरळ आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते, करारात वेगळे ठरले नसेल तर. या वाक्याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. एक, भाच्यावर जे येणे निघते ते तुमच्यावरही निघते, आणि मालकाने आधी भाच्याच्या मागे लागलेच पाहिजे असे बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६८ च्या निकालात हेच सांगितले, की आधी मूळ ऋणकोकडून वसुली करून बघा मग जामीनदाराकडे या, असे धनकोला सांगता येत नाही. म्हणून «माझ्याच मागे का» या प्रश्नाला कायद्याचे उत्तर, दुर्दैवाने, «कारण मालकाला तसे करता येते» एवढेच आहे. दुसरी बाजू: भाच्यावर जे निघत नाही ते तुमच्यावरही निघत नाही. आणि हमीपत्रातल्या शब्दांत जे बसत नाही, ते भाच्यावर निघत असले तरी तुमच्यावर निघत नाही. जामीनदार पदरचे काही न घेता दुसऱ्यासाठी अडकतो, म्हणून त्याची जबाबदारी शब्दाबाहेर ताणायची नाही, असा न्यायालयांचा फार जुना दंडक आहे.

तेव्हा नोटिशीतल्या प्रत्येक रकमेला दोन प्रश्न विचारायचे. ही रक्कम मूळ करारानुसार भाच्यावर येते का? आणि येत असेल, तर माझ्या हमीत बसते का? या दोन चाळण्यांतून तुमचे १,२८,२०० काढून पाहू. मालकाने ही रक्कम हाताशी राहिलेले २०,००० डिपॉझिट वजा करून काढली आहे. म्हणजे त्याची मूळ मागणी १,४८,२०० ची आहे.

डिसेंबर आणि जानेवारीचे ३२,००० दोन्ही चाळण्यांतून बिनतक्रार पार होतात. ते भाच्याने दिलेले नाहीत आणि हमीच्या पहिल्या तुकड्यात स्पष्ट आहेत. यावर वाद घालू नका. खऱ्या देण्यावर वाद घातला की बाकीच्या म्हणण्याचे वजन कमी होते.

विजेचे ७,२०० बघू. करारातल्या पाचव्या अटीप्रमाणे वीजबिल परवानाधारकाचे आणि सोसायटीचा मेंटेनन्स मालकाचा आहे. बिल भरणे ही करारातली अट आहे आणि तुम्ही सर्व अटींची हमी दिली आहे, म्हणून भाडे नसले तरी वीज तुमच्या हमीत येते. इथेच हमी भाड्याबाहेर पाऊल टाकते. मात्र महावितरणची बिले महिनावार लावली तर ३१ जानेवारीपर्यंतचे ३,९०० आणि नंतरच्या दोन महिन्यांचे ३,३०० होतात. ही फोड का करायची ते पुढे येईल. मेंटेनन्सचे ६,००० पहिल्याच चाळणीत अडकतात. ते मुळात भाच्याचे देणे नव्हते, मग जामीनदाराचे कुठून होणार?

मोडतोडीत तीन रकमा आहेत आणि त्यांचे नशीब वेगवेगळे आहे. करारातली नववी अट म्हणते की साधारण वापराने होणारी झीज सोडून झालेले नुकसान परवानाधारकाने भरून द्यावे. रंगकामाचे २८,००० याच «झीज सोडून»मध्ये गळून जातात. तेरा महिने माणसे राहिलेल्या घराच्या भिंती मळतात, खिळ्यांची भोके पडतात, ही झीज आहे. नवीन भाडेकरूसाठी घर रंगवून घेणे हा मालकाच्या धंद्याचा खर्च आहे. भिंतीला ओल लावून ठेवली, पोरांनी रंग खरवडला, असे काही असते तर गोष्ट वेगळी होती. नोटिशीत तसे एक अक्षर नाही.

ओट्याचा ग्रॅनाइट मात्र तुमच्यावर येतो. भाच्याने २० डिसेंबरला मालकाला पाठवलेला मेसेज तुम्हीच जोडला आहे: ओट्याला तडा गेला, मी भरून देतो. ही कबुली आहे, तारखेसकट. दुरुस्तीचे बिल १४,००० चे आहे आणि दुकानाचे पक्के बिल आहे. भाड्याशी या रकमेचा काही संबंध नाही, तरी हमीच्या दुसऱ्या तुकड्यातून ती थेट तुमच्यापर्यंत पोहोचते. कपाटाच्या दाराचे ८,००० वादाचे आहेत. दार फुगले म्हणतात, पण कधी फुगले, पाण्याने की वयाने, घर ताब्यात देताना ते कसे होते, याचा एकही फोटो नाही. नुकसान सिद्ध करायचे ओझे मालकावर आहे. मी ही रक्कम सध्या बाजूला ठेवते.

नोटिशीच्या खर्चाचे ५,००० द्यायची अट ना करारात आहे ना हमीपत्रात. दाव्यात खर्च कोणी द्यायचा ते कोर्ट ठरवते. आत्ता, नोटिशीच्या टप्प्यावर, ते देणे लागत नाही.

आता मोठ्या रकमेकडे वळू, कारण या सदरातून इतरांनीही नीट वाचावे असे काही असेल तर ते इथे आहे. मुदतीनंतरचे दोन महिने, महिना ३२,००० प्रमाणे ६४,०००, त्यातून भाच्याने फेब्रुवारीत भरलेले १६,००० वजा, म्हणजे ४८,००० ची मागणी.

हे दुप्पट येते कुठून? दोन ठिकाणांहून. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेली जागा मुदत संपताच परत द्यावी लागते, आणि जो देत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याने बाहेर काढेपर्यंत जागा अडवून बसतो, त्याला परवाना फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. हे कलम राहत्या जागेपुरते आहे, दुकान-गाळ्यांना नाही. तुमचा भाचा प्राधिकाऱ्यापर्यंत प्रकरण न जाता स्वतःहून निघाला, म्हणून कलम त्याला लागते का हाच प्रश्न आहे. पण मालकाला कलमाची गरजही नाही, कारण करारातल्या सातव्या अटीत तेच छापले आहे: मुदत संपल्यावर ताबा न दिल्यास दुप्पट दराने रक्कम द्यावी लागेल.

नोटिशीत या रकमेला «भाडे» म्हटले आहे, पण मुदत संपल्यावर जे पैसे लागतात ते भाडे नव्हेच. परवाना संपला की परवाना फीही संपली. त्यानंतर जागा अडवल्याबद्दल जे द्यायचे ती नुकसानभरपाई असते. हा नुसता शब्दांचा कीस नाही. तुमच्या हमीपत्रात फक्त पहिला तुकडा असता, «परवाना फी न दिल्यास ती देईन» एवढाच, तर ३१ जानेवारीच्या रात्री तुमची हमी थांबली असती आणि पुढचे पैसे मालकाने भाच्याकडे मागितले असते. पण वेळेवर ताबा देणे ही करारातली अट आहे आणि तुम्ही सर्व अटी पाळल्या जातील अशी हमी दिली आहे. ताबा देण्याची अट मुदत संपल्याच्या क्षणी मोडते, करार चालू असताना नव्हे, म्हणून हमी मुदतीबरोबर संपली असेही म्हणता येत नाही. म्हणजे साध्या परिस्थितीत, भाचा हट्टाने बसून राहिला असता तर, हे ४८,००० तुमच्या अंगावर आले असते. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

पण परिस्थिती साधी नव्हती, आणि त्याचा पुरावा तुम्ही जोडलेल्या तिसऱ्या पानावर आहे. ३ फेब्रुवारीला भाच्याने मालकाला लिहिले: «काका, मार्चअखेरपर्यंत राहू द्या, भाडे तेच देतो.» मालकाचे उत्तर त्याच संध्याकाळचे: «ठीक आहे, ३१ मार्चला चावी द्या. फेब्रुवारीचे पाठवा.» आणि भाच्याने १६,००० पाठवले, मालकाने ठेवून घेतले.

या दोन ओळींनी दोन गोष्टी घडल्या. पहिली, भाच्यासाठी. मालकाने स्वतः मार्चअखेरपर्यंत राहू दिले आणि जुन्याच दराने पैसे मागून घेतले. मग त्या दोन महिन्यांत भाच्याने जागा अडवली असे म्हणायला आधार उरत नाही आणि दुप्पट लागूच होत नाही. मार्चचे १६,००० आणि दोन महिन्यांची वीज ३,३०० त्याच्याकडे निघतात, एवढेच. दुसरी, तुमच्यासाठी. करार अधिनियमाच्या कलम १३३ प्रमाणे मालक आणि भाडेकरू यांनी जामीनदाराला न विचारता मूळ अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहाराची जामीनदारावर जबाबदारी राहत नाही. तुम्ही ३१ जानेवारीला संपणाऱ्या कराराला जामीन होतात. मार्चअखेरपर्यंतची सवलत ही त्या दोघांची नवी बोलणी आहे आणि तुम्हाला कोणी फोनसुद्धा केला नाही. त्यामुळे मार्चचे १६,००० आणि विजेचे ते ३,३०० भाचा देणे लागतो, पण तुमच्या हमीत येत नाहीत. वर विजेची फोड केली ती यासाठी.

इथे एक खुलासा केलाच पाहिजे, नाहीतर दुसरा कोणी चुकीचा बोध घेईल. मालक नुसता गप्प बसला असता, त्याने लगेच दावा लावला नसता, नोटीस द्यायला दोन-चार महिने लावले असते, तर जामीनदार सुटला नसता. कलम १३७ तेच सांगते: नुसते थांबणे म्हणजे जामीनदाराला मोकळे करणे नव्हे. फरक पडतो तो दोघांनी मिळून काही नवीन ठरवण्याने. मालकाने त्या दिवशी «बसायचे तर दुप्पट लागेल, लक्षात ठेवा» असे लिहिले असते, तरी चित्र पालटले असते. म्हणून ते मेसेज भाच्याच्या फोनमध्ये आहेत तसे राहू द्या. फोन विकू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ फोन हाच चांगला पुरावा असतो.

आता डिपॉझिट. मूळचे ५०,००० होते. भाच्याची नोकरी गेल्यावर आईच्या औषधपाण्यासाठी त्याने हात पसरले आणि मालकाने १२ जानेवारीला त्यातले ३०,००० परत दिले. माणूस म्हणून मालकाने चांगलेच केले, त्याबद्दल मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण कायद्याच्या दृष्टीने त्याने तुमच्या सुरक्षेतला एक भाग सोडून दिला. कलम १४१ म्हणते की जामीनदारी देताना धनकोकडे ऋणकोची जी तारण-सुरक्षा असेल तिचा फायदा जामीनदाराला मिळतो, जामीनदाराला ती ठाऊक असो वा नसो. आणि धनकोने ती जामीनदाराच्या संमतीशिवाय सोडली, तर तिच्या किमतीइतका जामीनदार मोकळा होतो. डिपॉझिट ही भाडेकरूच्या देण्यापोटी मालकाने धरून ठेवलेली सुरक्षाच आहे. डिसेंबरचे भाडे थकलेले असताना ते परत गेले, तुम्हाला विचारले नाही. तेव्हा ३०,००० पुरते तुम्ही मोकळे झालात, असा तुमचा जोरदार मुद्दा आहे. काही हमीपत्रांत «मालकाने डिपॉझिट परत केले तरी हमी कायम राहील» अशी ओळ असते आणि ती असली की हा मुद्दा लंगडा होतो. मी तुमचे हमीपत्र त्यासाठीच दुसऱ्यांदा वाचले. ती ओळ त्यात नाही.

हिशोब मांडू. तुमच्या हमीत बसणारे: भाडे ३२,०००, वीज ३,९००, ओटा १४,०००. बेरीज ४९,९००. त्यातून मालकाकडे असलेले २०,००० वजा केले की २९,९०० उरतात. सोडून दिलेल्या ३०,००० चा फायदा धरला की काहीच उरत नाही. कपाटाचे ८,००० कोर्टाने मान्य केलेच तर ७,९०० उरतील.

मालकाचा वकील याला एक चांगले उत्तर देऊ शकतो, तेही ऐकून ठेवा. तो म्हणेल, हातातले २०,००० आम्ही आधी मार्चचे भाडे आणि त्या दोन महिन्यांच्या विजेपोटी वळते केले, म्हणजे १९,३०० तिकडे गेले. तसे मानले तर तुमच्या हिशोबाला फक्त ७०० उरतात आणि तुमच्यावर १९,२०० निघतात, कपाट धरून २७,२००. तुमच्या बाजूने उत्तर असे, की हे डिपॉझिट त्याच करारापोटी घेतले होते, म्हणून ते आधी त्या कराराच्या आणि आधी थकलेल्या देण्याकडे जायला हवे. नोटिशीत मालकाने ते कोणत्या रकमेपोटी वळते केले हे लिहिलेले नाही, एकूण बेरजेतून नुसते वजा केले आहे. म्हणून तुम्ही उत्तरात आणि भाच्याने वेगळ्या पत्रात लगेच लिहा: हे २०,००० डिसेंबरच्या थकबाकीपोटी आणि उरलेले जानेवारीपोटी धरावेत.

थोडक्यात, तुमची जागा शून्य आणि २७,२०० यांच्यामध्ये कुठेतरी आहे. १,२८,२०० च्या जवळपासही नाही.

तरीही पटकन पैसे भरून मोकळे व्हावे, बहिणीचे नाव खराब होऊ नये, असे तुमच्या मनात येईल. माझ्या वडिलांनी पंचवटीतल्या एका गाळ्याच्या जामीनकीत हेच केले. मालकाने कागदावर लिहिले तेवढे मोजून दिले, पावतीही घेतली नाही, आणि ज्याच्यासाठी दिले त्याच्याकडून पुढे एक रुपया आला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या पैशांचे काय झाले हे घरात कोणी उघड विचारले नाही, पण त्या वर्षीची माझ्या बहिणीची फी उधारीवर भरली गेली हे मला आठवते. पुढे कायदा शिकताना कलम १४५ वाचले तेव्हा वडिलांची चूक नेमकी कुठे झाली ते कळले. जामीनदाराने रास्तपणे भरलेली रक्कम मूळ देणेकऱ्याकडून परत घेण्याचा त्याला हक्क आहे, पण जी रक्कम देणे लागतच नव्हती आणि तरी भरली, ती मागता येत नाही. म्हणजे तुम्ही रंगकाम, मेंटेनन्स आणि दुप्पट भाडे भिडेपोटी भरलेत, तर ते पैसे उद्या भाच्याकडे कायद्याने मागता येणार नाहीत. जे खरोखर निघते तेवढेच भरले, तर ते मागता येतात, आणि कलम १४० प्रमाणे मालकाचे त्याच्याविरुद्धचे हक्कही तुमच्याकडे येतात.

आता करायचे काय. पंधरा दिवसांच्या आत नोटिशीला लेखी उत्तर जाऊ द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. स्वतः लिहिण्यापेक्षा वकिलाकडून लिहून घ्या, कारण घाईत लिहिलेल्या एका «मला जबाबदारी मान्य आहे» या वाक्याने सगळे मुद्दे वाहून जातात. मालकाला फोनवरही «बघतो, भरतो» असे म्हणू नका. उत्तरात रागाचा शब्द नको. भाडे, ३१ जानेवारीपर्यंतची वीज आणि ओटा या रकमा हमीच्या कक्षेत येतात हे मान्य करायचे. मेंटेनन्स, रंगकाम आणि नोटिशीचा खर्च का नाकारता हे करारातली अट दाखवून सांगायचे. ३ फेब्रुवारीच्या मेसेजवरून मुदतीनंतरची सगळी रक्कम नाकारायची. कपाटाच्या नुकसानीचा पुरावा मागायचा. आणि १२ जानेवारीच्या ३०,००० चा फायदा मागून शेवटी तुमचा आकडा लिहायचा.

उत्तर पाठवण्याआधी एक कागद मात्र मिळवा. भाच्याकडे नोंदणीकृत करारनाम्याची प्रत असेल, ती पूर्ण मागून घ्या. तुमची सही त्या करारावर साक्षीदार म्हणून आहे की फक्त वेगळ्या हमीपत्रावर आहे, आणि हमीपत्रात ज्या कराराचा उल्लेख आहे त्याची तारीख व दस्त क्रमांक नोंदणीशी जुळतात का, हे पाहा. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत दस्त क्रमांकाची जागा कोरी आहे. ती नंतर मालकाने भरली असेल तर कोणत्या कराराचा क्रमांक घातला हे कळायला हवे, कारण तुमची हमी त्याच कराराशी बांधलेली आहे. (नुसता साक्षीदार काहीच देणे लागत नाही. नाशिकमध्ये मला दरवर्षी दोन-तीन माणसे तरी भेटतात, जी साक्षीदार असूनही स्वतःला जामीनदार समजून पैसे भरायला निघालेली असतात. तुम्ही त्यांतले नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी असेल.)

मालक बोलायला तयार झाला तर दावा होण्याआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रकरण तडजोडीसाठी नेता येते. तुमच्या प्रकरणात मी त्याच वाटेने जाईन. पंधरा-वीस हजारांच्या फरकासाठी दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे तारखा घेणे कोणालाच परवडणारे नाही. समझोता झाला तर त्यात दोन वाक्ये असू द्या: ही रक्कम हमीपत्राखालच्या संपूर्ण देण्यापोटी दिली आणि मालकाचा जामीनदारावर काहीही दावा उरला नाही. पैसे बँकेतून द्या, रोखीने नको, आणि मूळ हमीपत्र त्याच बैठकीत परत घ्या.

भाच्याला घरी बोलवा. त्याला रागे भरू नका, पण त्याच्या हाताने लिहून घ्या की डिसेंबर-जानेवारीचे भाडे, वीज आणि ओटा हे त्याचे देणे आहे, आणि तुम्ही जे भराल ते तो कोणत्या हप्त्याने परत करेल. बहिणीसमोर लिहिले तर आणखी चांगले. आणि मार्चचे १६,००० तसेच त्या दोन महिन्यांची वीज तो स्वतः मालकाला देणे लागतो, हेही त्याला त्याच बैठकीत सांगा. ते पैसे मालकाला खरेच मिळायचे आहेत, आणि ते भाच्याने दिले तर २०,००० कुठे वळते करायचे हा वादच उरणार नाही.